गेट सहा मीटरवर, आई घरात एकटी

मी छोट्या धंदेवाल्यांसाठी पत्रकं, व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज, रिक्षाच्या पाठीवरच्या ओळी असलं काहीबाही लिहिते. साहित्य संमेलनाचं बोलावणं यावं असं हे काम नव्हे. या धंद्यात ‘पीएएस’ नावाचा एक फॉर्म्युला आहे, तो बहुतेक सगळ्यांना पाठ असतो. आधी अडचण सांगायची, मग ती अडचण वाचणाऱ्याच्या मनात जरा डिवचायची आणि मग उपाय पुढे करायचा. डॅन केनेडी या अमेरिकन जाहिरात-लेखकाने ‘द अल्टिमेट सेल्स लेटर’ या पुस्तकात तो सांगितला आहे आणि दंतमंजनापासून विम्यापर्यंत सगळं काही त्याच तीन पायऱ्या चढून विकलं जातं. पाठ असणं आणि कळणं यांत अंतर असतं, ते मला नाशिकच्या एका सीसीटीव्ही बसवणाऱ्या भाऊंचं पत्रक लिहिताना जाणवलं. पाथर्डी फाटा, इंदिरानगर भागातले रो-हाउस आणि छोटे बंगले हे त्यांचं गिऱ्हाईक. त्या कामातून जे हाती लागलं, ते लिहिते आहे.

१. अडचण चोर नसतो. भाऊंच्या जुन्या पत्रकावर काळा बुरखा घातलेला, हातात पहार घेतलेला चोर होता आणि वर लाल अक्षरांत ‘चोरांचा सुळसुळाट! तुमचं घर सुरक्षित आहे का?’ असा सवाल. असं चित्र शहरातल्या प्रत्येक कॅमेरेवाल्याच्या पत्रकावर असतं, त्यामुळे ते आता कुणालाच दिसत नाही. मी भाऊंना म्हटलं, फोन करणारे लोक पहिलं वाक्य काय बोलतात तेवढं मला सांगा. ते हसून म्हणाले, “ताई, पहिलं वाक्य ‘रेट काय?’ हेच असतं.” मग दुसरं वाक्य विचारलं. तिथे खजिना होता. “आई दुपारी एकटी असते, कुणालाही दार उघडते.” “आम्ही मेमध्ये पंधरा दिवस गावी जातो.” “गेटजवळ गाडी लावतो, पेट्रोल काढून नेतात.” “शेजाऱ्यांकडे कॅमेरे होते, पण ऐन वेळी काहीच दिसलं नाही.” यातल्या एकाही वाक्यात चोर हा शब्द नव्हता. माणसं आपल्या भीतीचं नाव असं उघडपणे घेत नाहीत. ती वेळ सांगतात, जागा सांगतात, घरातल्या माणसाचं नाव सांगतात. मी इतकी वर्षं अडचण ‘शोधून काढायची’ असते असं समजत होते. ती फोनवर आधीच बोलली गेलेली असते, फक्त रेट सांगण्याच्या घाईत कुणी ऐकलेली नसते.

२. चार अडचणी एका पत्रकात मावत नाहीत. मावतात, पण वाचणारा चारही सोडून देतो. आम्ही आईची दुपार निवडली. कारण अगदी व्यवहारी होतं: मेमधली सुट्टी वर्षातून एकदा येते, दुपार रोज येते.

३. डिवचणं म्हणजे घाबरवणं नव्हे, हे मला सगळ्यात उशिरा पटलं. आम्हा जाहिरात लिहिणाऱ्यांना भीती घालायला फार आवडतं. ती स्वस्त पडते, एक विशेषण वाढवलं की झालं. पण १९५३ साली जॅनिस आणि फेशबॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. दातांची निगा न राखल्यास काय होतं, यावर वेगवेगळ्या गटांना कमी, मध्यम आणि जबर भीती घालणारी व्याख्यानं दिली. जबर भीतीच्या गटातल्या मुलांना सर्वांत जास्त काळजी वाटली, पण सांगितलेलं सर्वांत जास्त पाळलं ते कमी भीतीच्या गटाने. पुढच्या अभ्यासांनी चित्र थोडं गुंतागुंतीचं केलं. किम विटे यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार भीती कामाला येते, पण समोरचा उपाय खरोखर चालेल आणि तो आपल्याला जमेल असं माणसाला वाटलं तरच. नाहीतर तो धोक्याशी नव्हे, स्वतःच्या भीतीशी लढू लागतो: पत्रक चुरगळतो, ‘आमच्या गल्लीत असलं काही होत नाही’ म्हणतो आणि मोकळा होतो.

मग डिवचायचं कशाने? बारकाव्याने. राखेखाली निखारा आधीच असतो, आपण फक्त फुंकर घालायची. ‘एका क्षणात होत्याचं नव्हतं होईल’ हे वाक्य वाचून कुणाच्या पोटात काही हलत नाही. पण ‘दुपारी तीनला गेटची कडी वाजते. आई उठून दारापर्यंत जाते. मीटर बघायला आलोय, असं बाहेरून कुणी सांगतं. ती तुम्हाला फोन लावते, तुम्ही मीटिंगमध्ये’ एवढं वाचलं की ज्याची आई घरी एकटी असते तो थांबतो. यात काहीही वाईट घडलेलं नाही. मीटरवाला खरा मीटरवालाही असेल. डिवचतो तो गुन्हा नव्हे, तर तो न उचललेला फोन. भाऊंना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “आमच्या घरी पण असंच आहे.” कॅमेरे बसवणाऱ्याच्या स्वतःच्या घरी कॅमेरा नव्हता. यावर मी काही बोलले नाही.

४. दुसऱ्या पायरीवर जे डिवचलं, ते तिसऱ्या पायरीवर देणं लागतो. हा हिशेब मला भाऊंनी शिकवला आणि तो शब्दांचा नव्हता, मीटरचा होता. माझ्या मसुद्यात ‘गेटवर कोण आहे, चेहरा स्पष्ट पाहा’ अशी ओळ होती. भाऊंनी विचारलं, “गेट दारापासून किती लांब?” मला वाटलं, याचा जाहिरातीशी काय संबंध?

संबंध असा. घरांवर सर्रास लागणारा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे आडवे १९२० ठिपके. सोबत बहुधा २.८ मिलिमीटरची रुंद लेन्स येते, ती साधारण शंभर अंशांचा पट्टा दाखवते. पोर्चमधून सहा मीटरवरच्या गेटकडे पाहिलं तर तिच्यात चौदा मीटर रुंदी मावते: गेट, दोन्हीकडची भिंत, शेजाऱ्यांची तुळस, समोरच्यांची स्कूटर, सगळं. १९२० ठिपके चौदा मीटरमध्ये वाटले गेले की एका मीटरच्या वाट्याला जेमतेम १३५ येतात. सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत याच्या पातळ्या दिल्या आहेत. ओळखीचा माणूस ओळखू यायला मीटरमागे १२५ ठिपके लागतात आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटायला २५०. म्हणजे आमच्या गेटवर उभा राहिलेला मामा ओळखू आला असता. अनोळखी माणूस, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो नसता आला. त्या लेन्सने अनोळखी चेहरा खात्रीने दिसायचा तर तो माणूस कॅमेऱ्यापासून तीनेक मीटरवर यायला हवा, म्हणजे गेट उघडून आत.

भाऊंचा उपाय सोपा होता. गेटवर रोखलेल्या कॅमेऱ्याला ६ मिलिमीटरची लेन्स घ्यायची. तिचा पट्टा अर्धा, सुमारे पन्नास अंश. सहा मीटरवर साडेपाच मीटर रुंदी दिसते आणि मीटरमागे ३४० च्या आसपास ठिपके मिळतात. चेहरा मिळतो, शेजाऱ्यांची तुळस जाते. मग आवारासाठी रुंद लेन्सचा दुसरा कॅमेरा वेगळा लावायचा. आणि गेटवरचा कॅमेरा वर स्लॅबला लटकवायचा नाही. बारा फुटांवरून टोपी दिसते, हेल्मेट दिसतं, टक्कल तर फारच छान दिसतं, चेहरा दिसत नाही. सात-आठ फुटांवर, जरा खाली झुकवून बसवायचा. हाताच्या टप्प्यात येतो हा तोटा, तो पत्करायचा.

हे हिशेब दिवसाउजेडाचे. रात्री इन्फ्रारेडवर चित्र काळं-पांढरं होतं, शर्टाचा रंग जातो, चालता माणूस पुसट होतो आणि गाडीची नंबरप्लेट त्या प्रकाशात पांढरीफटक पडते. खोक्यावर ‘रात्री २० मीटर’ लिहिलेलं असतं ते काहीतरी हललं हे कळण्याचं अंतर आहे, कोण हललं ते कळण्याचं नव्हे. आम्ही दुपार निवडली होती म्हणून वाचलो. रात्रीची अडचण डिवचली असती तर उपायाच्या ओळीत एकतर गेटवर दिवा लिहावा लागला असता, किंवा खोटं.

५. अडचण बदलली की सामानाची यादी बदलते, तरी बहुतेक पत्रकांवर पॅकेज एकच असतं. चार कॅमेरे, चार चॅनलचा डीव्हीआर, एक टीबीची हार्ड डिस्क. आम्ही ‘पंधरा दिवस गावी’ ही अडचण घेतली असती तर या पॅकेजचं काय झालं असतं, हे मी भाऊंसोबत कागदावर मांडून पाहिलं. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने सतत रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवं लिहिलं जाऊ लागतं. पंधरा दिवसांनी गावाहून परतलेल्या माणसाला पहिल्या तीन दिवसांचं काहीच मिळणार नाही, आणि घर बंद झालंय हे पाहून कुणी आत शिरलं असेल तर ते बहुधा याच दिवसांत. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करण्याची सोय असते, तिने दिवस वाढतात. पण आवारात झाड असेल तर वाऱ्याचीही हालचाल धरली जाते. त्या गिऱ्हाइकाला सरळ दोन टीबी सांगायला हवी.

उलट आईच्या दुपारीला दोनच कॅमेरे पुरतात आणि त्याच एक टीबीत तीन आठवडे मावतात. इथे भाऊ अडले. “ताई, पॅकेज चारचं आहे, तुम्ही दोनच लिहिलेत. माझं नुकसान नाही का?” प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचं फार हुशार उत्तर नव्हतं. मी म्हटलं, डीव्हीआर चार चॅनलचाच राहू द्या, दोन जागा मोकळ्या आहेत असं लिहू. त्यांनी मान डोलावली, पण मनापासून नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. हार्ड डिस्क मेली तरी टीव्हीवर आणि फोनवर चालू चित्र दिसतच राहतं, त्यामुळे रेकॉर्डिंग बंद आहे हे घरात बहुधा कुणाला कळत नाही. ‘ऐन वेळी काहीच दिसलं नाही’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा एवढीच असते. माझ्या उपायाच्या परिच्छेदाला जे एक वजनदार वाक्य हवं होतं, ते असं फुकटात मिळालं.

६. शेवटी उतरलेला मजकूर असा:

‘आई घरी एकटी. दुपारी तीन. गेटची कडी वाजते.

“मीटर बघायला आलोय.” आई दारातून विचारते, गेटवर कोण ते नीट दिसत नाही. ती तुम्हाला फोन लावते. तुम्ही मीटिंगमध्ये. तुम्ही परत फोन करेपर्यंत तिने काहीतरी ठरवलेलं असतं: दार उघडलेलं असतं, किंवा खऱ्या मीटरवाल्याला परत पाठवलेलं असतं. संध्याकाळी तुम्ही विचारता, कोण होतं? आई म्हणते, होता कुणीतरी.

गेटवर रोखलेला एक कॅमेरा, त्या अंतराला लागणाऱ्या लेन्सचा. आवारावर एक. गेट आईला घरच्या टीव्हीवर दिसतं, रिमोटच्या एका बटणावर. तुम्हाला फोनवर दिसतं. वीज गेली तरी डीव्हीआर, कॅमेरे आणि वायफाय छोट्या यूपीएसवर काही वेळ चालू राहतात. तीन आठवड्यांचं रेकॉर्डिंग राहतं आणि ते खरंच होतंय ना, हे आम्ही सहा महिन्यांनी येऊन तपासतो. रात्री चेहरा दिसायला गेटवर दिवा लागेल, तो नसेल तर आधीच सांगू. पुढे कॅमेरे वाढवायचे असतील तर दोन जागा मोकळ्या आहेत.

घराच्या दारापासून गेटपर्यंत किती पावलं होतात ते मोजा आणि तेवढा आकडा व्हॉट्सॲप करा. कोणती लेन्स लागेल आणि खर्च किती येईल ते त्याच दिवशी कळवतो.’

यात तीन पायऱ्या कुठे बदलतात ते सहज दिसेल. पहिली ओळ अडचण. ‘होता कुणीतरी’ इथपर्यंत डिवचणं आणि तिथे मी मुद्दाम थांबले. त्या दोन शब्दांमुळे मी स्वतःवर जरा खूश होते, म्हणून ते कापावेत का असाही विचार केला. पण भाऊंच्या आईने वाचून “मी असंच म्हणते” असा दाखला दिला, मग ठेवले. टीव्हीची ओळ त्यांचीच. मी आधी फक्त फोनचं लिहिलं होतं आणि त्यांनी विचारलं होतं, “तो बघेल, मला कसं दिसणार?” ज्या बाईच्या नावाने मी सगळी अडचण उभी केली, तिलाच उपायात जागा नव्हती. पावलांची ओळ मात्र मला फार उपयोगाची वाटते. ‘आजच संपर्क करा’ यात वाचणाऱ्याला करण्यासारखं काही नसतं. पावलं मोजायला तो उठतो, दारापासून गेटपर्यंत चालतो, आणि गेटवरून स्वतःच्या घराकडे एकदा वळून पाहतो.

७. मजकूर लागू पडला की नाही, हे फोनच्या संख्येवरून कळत नाही. येणाऱ्या प्रश्नावरून कळतं. ‘चार कॅमेऱ्यांचा रेट काय?’ असा प्रश्न आला तर वाचणाऱ्याने पत्रकातला फक्त नंबर वाचला. ‘चौदा पावलं आहेत, मध्ये पारिजातक आहे, चालेल का?’ असं आलं तर त्याने सगळं वाचलं. पारिजातकाचं विचारणारे मेसेज येऊ लागले तेव्हा भाऊंची दोन कॅमेऱ्यांची कुरकुर थांबली. त्यातले काही पुढे मागच्या दारासाठी तिसरा कॅमेरा घेतात, काही घेत नाहीत.

८. काही ठिकाणी हा फॉर्म्युला गुंडाळून ठेवावा. सोसायटीने कॅमेरे घ्यायचं सभेत आधीच ठरवलं असेल आणि सेक्रेटरी तीन कोटेशन मागवत असतील, तर त्यांना आईची दुपार सांगणं म्हणजे त्यांचा वेळ खाणं. त्यांना केबलचे मीटर, डिस्कचा आकार, वॉरंटी आणि दुरुस्तीला किती तासांत येणार हे हवं असतं. ज्याच्याकडे नुकतीच चोरी झाली आहे त्यालाही डिवचू नये. भाऊ अशा घरी गेले की आधी कडी-कोयंडा नीट करून घ्या म्हणतात, कॅमेऱ्याचं नंतर. आणि कॅमेरा शेजाऱ्यांच्या खिडकीत डोकावत असेल तर तो तसा बसवायचा नाही, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी. हे त्यांच्या धंद्याचं पथ्य, पण मजकूर लिहिताना मलाही ते लागू होतं: ‘शेजाऱ्यांवरही नजर ठेवा’ असली ओळ मी एका दुसऱ्या पत्रकावर छापलेली पाहिली आहे.

जाहिरातींच्या स्वनियमनासाठी आपल्याकडे एएससीआय ही संस्था आहे. ग्राहकाच्या विश्वासाचा, किंवा त्याला अनुभव आणि माहिती नसण्याचा, गैरफायदा जाहिरातीने घेऊ नये असं तिची संहिता सांगते. घरच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत ही माहिती म्हणजे लेन्सचे मिलिमीटर आणि डिस्कचे दिवस. गिऱ्हाइकाला ती नसते, बसवणाऱ्याला असते आणि लिहिणारीने विचारून घ्यायची असते.

तुमच्या घरी कॅमेरे असतीलच, तर कालच्या दुपारी तीनचं रेकॉर्डिंग आज शोधून पाहा. सापडलं तर गेटवरचा चेहरा ओळखू येतो का तेही पाहा. नाही सापडलं, तर ज्यांनी बसवले त्यांना फोन करा, आणि या वेळी पहिलं वाक्य ‘रेट काय?’ असं नको.